अस्तराची शिलाई एकशे ऐंशी

ब्राह्मणपुरीसारख्या गावात घरी शिवणकाम करणाऱ्या बाईला दुकान नसतं. पुढची खोली असते, खिडकीशी मोटर लावलेलं मशीन असतं आणि खुंटीला कापडाच्या पिशव्या लटकलेल्या असतात. दारात येणारी बाई निव्वळ गिऱ्हाईक म्हणून येत नाही. ती कुणाची तरी जाऊ असते, कुणाची विहीण, कुणाची वर्गमैत्रीण. आधी पाणी पिते, मुलांची चौकशी करते, पिशवी ठेवते, माप म्हणून जुना ब्लाऊज देते, आणि निघताना उंबऱ्यात पाय ठेवून विचारते, "किती घेशील?" आकडा ऐकला की खानदेशात उत्तर ठरलेलं असतं: "इतला पैसा? माय वं!"

या प्रकरणात आपण एवढा उंबराच बघणार आहोत. मेंदी, पार्लर, शिकवण्या, पापड-कुरडया, घरी येऊन फॉल-पिको, सगळीकडे हाच उंबरा असतो. पण हिशेब एकाच कामाचा नीट मांडला तर बाकीच्यांना आपापला मांडता येतो, म्हणून उदाहरण ब्लाऊजचं घेतलं आहे. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या मशीनचे आणि आपल्या हाताचे आकडे ज्याने त्याने घालावेत. त्यात एकच आकडा सरकारी आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये होतात. हा आकडा लक्षात ठेवा.

आता घड्याळ लावून बसू. अस्तराचा एक ब्लाऊज शिवायला किती वेळ लागतो असं विचारलं की शिवणारी बाई हमखास "तास-सव्वा तास" म्हणते. तिच्या डोळ्यांसमोर फक्त मशीन चालू असतं. प्रत्यक्षात माप घेण्यात, गळा किती खोल, बाही किती लांब हे बोलण्यात दहा मिनिटं जातात. कापड आणि अस्तर बेतून कापायला पंचवीस. मशीनवर पंचाहत्तर. हुक, काजं आणि हातशिलाईला तीस. इस्त्री आणि घालून बघण्यात दहा. बेरीज दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. मशीनचा वेळ त्यातला निम्माच आहे. भाव पडतो तो याच जागी, कारण उरलेला निम्मा वेळ "घरातच तर बसले होते" या सदरात जातो.

खर्चाचं पुढे बघू. दोरा, हुक, बॉबिन, सुई, तेल, वीज असं धरून ब्लाऊजमागे १५ रुपये. मशीन १२,००० रुपयांचं, पाच वर्षं चालेल आणि वर्षाला ४०० ब्लाऊज निघतील असं धरलं तर प्रत्येक ब्लाऊजवर ६ रुपये. दुरुस्तीला वर्षाला १,२०० म्हणजे आणखी ३. एकूण खर्च २४ रुपये, तोही अस्तर गिऱ्हाइकाने आणलं तर.

समजा, गावात ही शिलाई १५० रुपये चालते. त्यातून २४ गेले, १२६ उरले. अडीच तासांनी भागलं तर तासाला पन्नास रुपये पडतात. ठीक वाटतं. पण उंबऱ्यात घासाघीस होऊन १२० वर सौदा तुटतो तेव्हा? दोऱ्याचा भाव उतरत नाही, विजेचं बिल कमी होत नाही. २४ तसेच राहतात. हातात ९६ येतात, म्हणजे तासाला ३८ रुपये. सहा महिने क्लास करून शिकलेला हात रोजगार हमीच्या मातीकामाच्याही एक रुपया खाली गेला. गिऱ्हाइकाच्या बाजूने भाव वीस टक्क्यांनी उतरला. शिवणारीची मजुरी मात्र जवळजवळ चोवीस टक्क्यांनी उतरली. सवलत नेहमी मजुरीतूनच जाते, कारण जायला दुसरी जागाच नसते.

म्हणून भाव ठरवायची सुरुवात बाजारातून नाही, तासापासून करायची. हातातल्या कौशल्याला रोजगार हमीच्या दीडपट तरी दाम हवा असं मी धरतो, म्हणजे तासाला ६० रुपये. अडीच तासांचे १५०, खर्चाचे २४, मिळून १७४. दहांतला एखादा ब्लाऊज उसवून परत करावा लागतो, त्याचा अर्धा तास दहांत वाटला तर प्रत्येकी ३ रुपये. १७७ झाले, पाटीवर १८० लिहू. अस्तर आपणच घातलं तर कापडाचे ५० वर, म्हणजे २३०. साधा, बिनअस्तराचा ब्लाऊज दीड तासाचा. त्याच हिशेबाने ११७ येतो, पाटीवर १२०.

"पण १८० म्हटलं तर कुणी येणारच नाही." ही भीती खोटी नाही, मात्र ती मोजता येते. महिन्याला ४० ब्लाऊज १५० ने शिवले तर खर्च जाऊन ५,०४० रुपये हातात येतात. १८० ला प्रत्येक ब्लाऊजवर १५६ उरतात. ४० पैकी सात ब्लाऊज कायमचे गेले तरी ३३ चे ५,१४८ होतात. पैसे शंभराने जास्तच, आणि साडेसतरा तास मोकळे. आठवा ब्लाऊज गेला तर मात्र कमाई जुन्या आकड्याच्या खाली येते. म्हणजे "गिऱ्हाईक तुटेल का" हा प्रश्न "सातापेक्षा जास्त तुटतील का" इतका लहान झाला. उलट्या बाजूनेही बघा: १८० चे १५० केले तर तेवढीच कमाई राखायला जवळजवळ पाव पट जास्त काम ओढावं लागतं. लग्नसराईत तेवढे हात कुणाकडे असतात?

हा हिशेब एका अटीवर चालतो: तिच्याकडे येणारं काम तिच्या हातांपेक्षा कमी नको. पावसाळ्यात शेतात निंदणी-खुरपणी सुरू होते, नव्या साड्या निघत नाहीत आणि मशीन नुसतं उभं राहतं, तेव्हा रिकाम्या तासाला ६० रुपये कुणी देत नाही. त्यावर उपाय पुढे येईल. पण "आज रिकामी आहे, घे १३० ला" हा तो उपाय नव्हे.

का नव्हे, हे समजायला गावाकडे बघावं लागतं. शहरात एका गिऱ्हाइकाला दिलेली सवलत दुसऱ्याला कळत नाही. गावात ती संध्याकाळपर्यंत दळण दळायला आलेल्या चौघींना कळते. एकीला १३० ला दिला की तोच गावाचा भाव. आणि ज्या काकूंनी न कुरकुरता १८० दिले होते त्या पुढच्या वेळी येत नाहीत, आल्या तर हसत म्हणतात, "आमच्याकडून जास्त घेतेस होय गं?" घासाघीस करणारं गिऱ्हाईक टिकवायला जाऊन न करणारं जातं, आणि जाताना कारण सांगत नाही. माझ्या मते ठरलेल्या भावाचं खरं गिऱ्हाईक ही गप्प बसणारी बाई आहे. पाटी तिच्यासाठी लावायची.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी हाच अनुभव घेतला. एक भाव मागायचा आणि दुसऱ्यावर तोडायचा हे त्यांना खोटं बोलणं वाटे, म्हणून ते पहिल्यांदाच शेवटचा भाव सांगत. सुरुवातीला गिऱ्हाईक दुरावलं. मग लोकांच्या लक्षात आलं की यांच्याकडे लहान पोराला पाठवलं तरी फसगत होत नाही, आणि धंदा वाढला. आपल्याकडेही हीच खूण वापरता येते: आईने पोराच्या हाती पिशवी आणि मोजून पैसे पाठवले, सोबत निरोप नाही, की समजावं आपला भाव गावात बसला.

घासाघीस ही मुळात गावाची सवय असते असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. बलुतेदारीत कामाकामाचा भाव नव्हताच. सालभराचं काम आणि खळ्यावरचं धान्य असा तो व्यवहार होता. शिंप्याचं नाव बहुतेक याद्यांत अलुतेदारांमध्ये सापडतं. प्रत्येक नगाचे वेगळे रोख पैसे आले आणि उंबऱ्यातली घासाघीसही त्यांच्याबरोबर आली. नात्यातली बाई आजही रोखीचा भाव ऐकून दुखावते, कारण तिच्या मनात हिशेब सालाचा असतो: मी तुला पपया पाठवल्या, तुझ्या पोराच्या तापात रात्रभर बसले. ही तक्रार खोटी नसते. फक्त तिचं उत्तर अर्ध्या भावात नसतं.

नात्याचं उत्तर माझ्या मते एकच: द्यायचं तर फुकट द्या, नाहीतर पूर्ण घ्या. जावेचा लग्नातला ब्लाऊज फुकट शिवला तर तो आहेर होतो, ती चारचौघींत सांगते, "माझ्या जाऊबाईने शिवून दिला." तोच शंभरात शिवला तर आहेर होत नाही आणि धंदाही होत नाही, वर "तिच्याकडे शंभरात होतो" हे गावभर जातं. वर्षाला असे किती आहेर परवडतात ते आधी ठरवून वहीच्या मागच्या पानावर लिहावं. सहा म्हणजे सहा. सातव्याला १८०.

आता उंबऱ्यातली बाई. "काही कमी कर ना" हे एकच वाक्य असलं तरी ते तीन निरनिराळ्या कारणांनी बोललं जातं, आणि तिघींना एकच उत्तर देण्यात गफलत होते.

पहिली नुसती सवयीने विचारते. भाजीवाल्याला विचारते, बांगड्यावाल्याला विचारते, तुम्हालाही. तिला सवलत नको असते. विचारलं नाही तर आपण फसलो असं वाटेल, एवढंच. तिला कारणं सांगत बसू नये. दोऱ्याचा भाव, विजेचं बिल सांगायला लागलं की ती त्यावर बोलते आणि जिथे वाद नव्हता तिथे वाद होतो. पाटीकडे बोट करून "सगळ्यांना हाच आहे, ताई. बुधवारी न्यायला येणार की गुरुवारी?" असं म्हणावं. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. भाव झाला, आता तारीख ठरवायची. आणि आकडा सांगितल्यावर गप्प राहता आलं पाहिजे. पुष्कळ जणी १८० म्हणून समोरची बोलायच्या आधीच "बघा, दीडशे द्या चालेल तर" असं म्हणून मोकळ्या होतात. ही घासाघीस गिऱ्हाइकाने केलेलीच नसते.

दुसरी तुलना करते: "शहाद्याला दीडशेत होतो" किंवा "खेतियाला स्वस्त आहे." मध्य प्रदेशची हद्द जवळ असल्याने हे दुसरं वाक्य या भागात हमखास येतं. ते खोटं आहे असं म्हणायचं नाही, कारण खरंही असेल. विचारायचं ते हे, की दीडशेत काय काय येतं? अस्तर घट्ट टाचलेलं की सैल, आत दीड इंच माया सोडलेली की नाही, आणि घट्ट झाला तर परत जायला-यायला एसटीचं भाडं किती. पुढच्या वर्षी ब्लाऊज दंडात रुतायला लागतो तेव्हा आतली माया कामाला येते, आणि गावातली शिवणारी तो दहा मिनिटांत सैल करून देते. पाटीवर भावाखाली एक ओळ असावी: "माया सोडली जाते. पंधरा दिवसांत हुक निघाला, माप चुकलं तर फुकट दुरुस्ती." ही ओळ नसेल तर १८० आणि १५० यांत गिऱ्हाइकाला फक्त तीस रुपये दिसतात.

तिसरीकडे खरंच पैसे नसतात. मजुरी आठवड्याच्या बाजाराला मिळते, किंवा पीक विकल्यावर. तिच्यासाठी भाव उतरवला की तो गावाचा होतो. न उतरवावा तर ती परत जाते. इथे काम कमी करावं, भाव नाही. "एकशे वीसमध्ये साधा करून देते, अस्तर नको. कापड जाड आहे, चालेल." हे उत्तर प्रामाणिक आहे, कारण साध्याला एक तास कमीच लागतो. किंवा वेळ वाढवून द्यावा: निम्मे आता, निम्मे नेताना. ज्या उत्तरात तुमचा वेळ वाचत नाही ती सवलत, आणि ज्यात वाचतो तो दुसरा भाव. हा फरक डोक्यात पक्का बसला की बोलताना जीभ अडखळत नाही.

पाच ब्लाऊज एकदम आणणारीची गोष्ट याच मोजपट्टीने तोडता येते. लग्नघरातून एकाच बाईचे पाच आले, गळा-बाही सारखीच. माप एकदाच घ्यायचं, चार वेळची चाळीस मिनिटं वाचली. बेतताना एकच कागदी साचा पाचांना चालतो, तिथे आणखी वीसेक मिनिटं. एक तास वाचला, म्हणजे ६० रुपये. तेव्हा नऊशेच्या बिलात पन्नास सोडता येतात, आणि का सोडले तेही सांगता येतं. पाच ब्लाऊज पाच जणींचे असतील, कुणाला कटोरी, कुणाला प्रिन्सेस कट, तर काही वाचलं नाही. मग "एकदम आणले" याला अर्थ नाही.

रिकाम्या पावसाळ्याचं उत्तरही वेळेतच आहे. चेहरा बघून भाव बदलला की गाव रागावतं. दिवस बघून बदलला तर रागावत नाही, कारण तो दिवस सगळ्यांना सारखाच असतो. म्हणून पाटीवर तीन भाव चालतात. नेहमीचा १८०, आठ दिवसांत. सवडीचा १६०, जून ते ऑगस्ट, मी सांगेन तेव्हा न्यायचा. तातडीचा २३०, दोन दिवसांत. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि आदल्या आठवड्यात अख्ख्या गावाला नवा ब्लाऊज हवा असतो. तेव्हा तातडीचा भाव न लावणारी बाई रात्री दोनपर्यंत जागते आणि तरी चौघींची बोलणी खाते. सवडीचा ब्लाऊज मात्र खरोखर सवडीनेच द्यावा. १६० घेऊन तिसऱ्या दिवशी दिला की नेहमीचा भाव तोच झाला.

एवढं सगळं करूनही पैसे गळतात ते उधारीत. भावात वीस रुपये वाचवायला घसा कोरडा करायचा आणि ५४० रुपये दिवाळीपर्यंत सोडून द्यायचे, हे मी घरोघरी पाहिलं आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात वहीतली उधारी मोजली तेव्हा ती मशीनच्या किमतीच्या पुढे निघाली. भाव मात्र त्या बाईने कधी उतरवला नव्हता. कापड घेतानाच निम्मे पैसे घ्यावेत, आणि मागची बाकी असताना पुढची पिशवी खुंटीला लावू नये. वहीत प्रत्येक कामाला एक ओळ: कापडाचा बोटभर तुकडा टाचलेला, माप, भाव, आगाऊ, तारीख. तो तुकडा बघितल्यावर "मी दीडशेच ठरवले होते" हा वाद होत नाही. फोनवरून पैसे पाठवणारीला पावती आपोआप मिळते, पण वहीतली ओळ तरी लिहावीच.

त्याच वहीत आणखी एक खूण करावी: भाव विचारून कापड न ठेवता गेलेल्यांची. दहा जणींनी विचारलं आणि दहाही ठेवून गेल्या, शिवाय तारखा चुकायला लागल्या, तर भाव कमी आहे. दोन-तीन गेल्या तर ठीक. निम्म्या जायला लागल्या तर एकतर भाव गावाच्या ऐपतीबाहेर आहे, किंवा १८० मध्ये काय मिळतं हे त्यांना दिसलेलंच नाही. दुसऱ्या शक्यतेसाठी आतून उलटा करून दाखवता येईल असा एक तयार ब्लाऊज खुंटीला असावा. भाव वाढवायचा तर आखाजी उलटल्यावर, पाटीवर तारीख टाकून. जी पिशवी आधी आली तिला जुनाच.

आणि शेजारच्या गल्लीतली दुसरी शिवणारी १३० ला देते, तिचं काय? लिज्जत पापडाचं उदाहरण इथे लोक देतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, वणाई किलोवर आणि सगळ्या बहिणींना सारखी. कुणाच्या घासाघिशीवर कुणाची मजुरी ठरत नाही. पण तिथे लाटणारी बाई गिऱ्हाइकासमोर बसत नाही, विक्री संस्था करते. ब्राह्मणपुरीतल्या दोघी-तिघींना बचत गटाच्या बैठकीत बसून "दीडशेच्या खाली कुणी नाही" एवढं ठरवता येईल. ते टिकेल ते दोघींच्याही हाताला काम असेपर्यंत. एकीचं मशीन आठवडाभर उभं राहिलं की ठराव मोडतो, आणि तिला दोष देता येत नाही. त्यापेक्षा जास्तीचं काम तिच्याकडे पाठवलेलं बरं. आखाजीच्या आठवड्यात "माझ्याकडे तारीख नाही, तिच्याकडे जा" म्हणणारीला पावसाळ्यात तिकडूनही पिशव्या येतात, आणि ज्या गल्लीत पोट भरलेलं असतं तिथला भाव सहसा एकशे तीसवर येत नाही.